गुरुवारची पत्रिका, मंगळवारचं लग्न

आमच्या तलावाकाठच्या गावात भटजी कधी नव्हताच. बसच्या रस्त्यावरच्या मोठ्या गावी एक होते, पण वैशाखात त्यांच्या वाट्याला इतकी लग्नं यायची की मुहूर्त सकाळचा आणि महाराज दुपारी जेवणाच्या पंगतीला हजर, असा प्रकार. म्हणून ज्याचा गळा बरा त्याने मंगलाष्टकं म्हणायची, ही आमच्याकडची रीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या हातात माइक आला. तो मी निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. खरं सांगायचं तर अजूनही सोडलेला नाही.

माझा आवाज चांगला आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण घरात कोणी सांगत नाही. बायको म्हणते, "लोक तुमच्या गळ्यासाठी नाई बोलवत, फुकट भेटते म्हणून बोलवते." असेल तसंही. पण धानाची मळणी होऊन बांध्या, म्हणजे आमची धानाची शेतं, मोकळ्या पडल्या, जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव उभा राहिला, पाण्यावरून वारा आला आणि मी पहिलं कडवं उचललं की सगळा मांडव गप्प व्हायचा. आता मांडवात डीजे असतो, माझं कडवं संपायच्या आत तो सुरू होतो आणि मला त्याचा राग येतो.

पुढे सरकारला माझी आठवण झाली. लग्नाची नोंदणी करायला पोरंपोरी ग्रामपंचायतीत जाऊ लागली, आणि त्या अर्जात एक रकाना असतो: विवाह लावणाऱ्याचं नाव, वय, पत्ता आणि सही. झालं. पिशवीत अर्ज, सोबत नवी नवरी, आणि दारात हाक, "गुरुजी, जरा सही लागत व्हती." मला तो रकाना फार आवडायचा. मी चष्मा पुसून, पेन झटकून, शाळेच्या हजेरीपटावर करायचो तशी ठसठशीत सही करायचो. एका सहीने मी जे करून बसलो, ते सांगायलाच हे लिहितो आहे.

गावात माझा एक मित्र होता. जातीने आणि धंद्याने मासेमारी करणारा. तलावाच्या सोसायटीत त्याचं नाव होतं, जोडीला थोडी धानाची बांधी. पहाटे तो डोंगा घेऊन पाण्यावर जायचा आणि मी फिरायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. तो पाण्याकडे पाहून सांगायचा, इथी कतला हाये, तिथी मरळ. मी म्हणायचो, तुला कसं कळतं? तो म्हणायचा, "तुमाले पोराचं तोंड पाहून कसं समजते का त्यानं पाठांतर केलं नाई? तसंच." शाळा फक्त तिसरीपर्यंत, पण बोलण्यात मला कधी जिंकू दिलं नाही. परत येताना केळीच्या पानात चार मासे बांधून द्यायचा, आणि मी पैसे काढले की रागवायचा.

त्याला एकच पोर, मुलगी. माझ्याच वर्गात शिकली. ती पहिलीत होती तेव्हापासून तो म्हणत आला होता, "गुरुजी, हिचं लगन तुमच्याच गळ्यानं लागन. तुमी मेले त मले दुसरा पाहावा लागन, म्हनून जपून राहा." मेला तो आधी.

पोरीचं लग्न बल्लारपूरकडच्या एका मुलाशी ठरलं. मुलगा वेल्डिंगचं काम करायचा, शांत, कामाचा. पत्रिका छापून वाटूनही झाल्या: गुरुवार, सकाळचा मुहूर्त, मुलीच्या घरी. माझं नाव पत्रिकेत "मंगलाष्टके" म्हणून खाली होतं. आणि दोन आठवडे आधी माझ्या मित्राच्या पोटात दुखायला लागलं. चंद्रपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चार तपासण्या केल्या, त्याच्या बायकोला बाहेर बोलावलं आणि सांगितलं की यकृत गेलं आहे, घरी घेऊन जा. सोमवारी दुपारी त्याला घरी आणलं.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्याला खाटेवर अंगणात ठेवलं होतं, तलाव दिसावा म्हणून. त्याने मला जवळ बोलावलं. "गुरुजी, गुरुवार माह्यानं होत नाई," तो म्हणाला. "उद्या लावा."

आमच्या भागात हे अगदीच नवीन नाही. घरातलं माणूस जाणार असं दिसलं की सुतकाच्या आधी, त्याच्या डोळ्यांदेखत लग्न उरकून घेतात. नाहीतर वर्षभर अडकून पडतं, आणि गेलेल्याचा जीव अडकतो असंही म्हणतात. मुलाकडच्यांना फोन गेला. ते समजूतदार. मंगळवारी सकाळी मुलगा, त्याचे आईबाप, थोरला भाऊ आणि गाडी चालवणारा एक मित्र, एवढेच आले. मांडव अर्धाच झालेला. डहाळ्या एका बाजूला पडलेल्या. माइक नव्हता. आंतरपाट म्हणून पोरीच्या आईने आपलं धुतलेलं लुगडं धरलं. मी खाटेच्या उशाशी उभा राहून मंगलाष्टकं म्हटली, तीही हळू, कारण मोठ्या आवाजाने त्याला त्रास होत होता. पन्नास जणांसाठी म्हणायचं ते मी एका माणसाच्या कानापाशी म्हणत होतो. त्याच्या मुठीत अक्षता दिल्या होत्या. शेवटी त्याने हात उचलला, पण अक्षता फेकता आल्या नाहीत, त्या त्याच्याच पांघरुणावर पडल्या. मुलाच्या मित्राने तेवढ्यात मोबाइलवर एक फोटो काढला. त्या लग्नाचा तेवढाच फोटो.

बुधवारी दुपारी तो गेला. गुरुवारी, पत्रिकेतल्या मुहूर्तावर, ज्यांना निरोप पोचला नव्हता ते पाहुणे नवे कपडे घालून आले आणि अंगणात सतरंजीवर बसून राहिले.

त्यानंतर काय झालं तर सगळ्यांनी मंगळवार विसरायचं ठरवलं. म्हणजे कोणी बसून ठरवलं नाही, ते तसं झालं. मंगळवार काढला की लगेच बुधवार यायचा. म्हणून लग्नाची तारीख कोणी विचारली तर पोरगी पत्रिकेतली, गुरुवारची सांगायची. जावई पण तीच. वाढदिवसासारखा लग्नाचा वाढदिवस करायची आता पद्धत आहे, तोही गुरुवारच्या तारखेला. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

लग्नाची नोंद तेव्हा कोणी केली नाही. सुतकात कोण ग्रामपंचायतीत जाणार? नव्वद दिवसांत करायची असते, नंतरही उशिराचं शुल्क भरून करता येते, हे मी त्यांना सांगितलं होतं. "करू गुरुजी," जावई म्हणाला होता. आणि मग त्याचं मस्कतचं काम लागलं.

कागद नसला की काय होतं, ते त्या घराने फार लवकर पाहिलं. ते मी पण पाहिलं, कारण प्रत्येक ठिकाणी वहिनीसोबत, म्हणजे मित्राच्या बायकोसोबत, मीच जात होतो. मित्राचं बँकेत खातं होतं. वारसदाराच्या रकान्यात त्याने काही लिहिलंच नव्हतं. मी मरणार नाही, अशाच हिशोबात तो जगला. वहिनीचं लग्नात नाव बदललेलं, आमच्याकडे बदलतातच. राशनकार्डावर सासरचं नाव होतं. आधार मात्र ती आईच्या आजारपणात माहेरी असताना तिथल्या कॅम्पमध्ये, शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, त्यामुळे त्यावर माहेरचं नाव आणि बापाचं नाव. बँकेतला तरुण अधिकारी वाईट नव्हता. त्याने दोन्ही कार्डं शेजारी ठेवली आणि विचारलं, "राशनकार्डावरच्या बाई आणि आधारवरच्या बाई एकच, आणि त्या या खातेदाराच्या पत्नी, हे मी कशावरून धरू? लग्नाचा दाखला आहे का?"

वहिनी म्हणाली, "लग्न झालं त पोरगी कुठून आली, सायेब?"

तो हसला नाही, आणि मला ते आवडलं. त्याने समजावून सांगितलं की लग्नाचा दाखला असता तर नातं तरी एका कागदात मिटलं असतं. आता शपथपत्र लागणार, सरपंचाचा दाखला लागणार, पोरीची संमती लागणार, आणि वरच्या ऑफिसने मागितलं तर कोर्टाचं वारसा प्रमाणपत्रही लागणार. वरच्या ऑफिसने मागितलंच. तलाठ्याकडे बांधीवर वारस म्हणून नाव चढवायला गेलो, तिथेही दोन नावांचा तोच घोळ. पंचवीस वर्षं ज्याच्या जाळ्याच्या गाठी बांधल्या, त्याची आपण बायको आहोत हे ती बाई कचेऱ्यांत सांगत फिरली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि माझ्या त्या ठसठशीत सह्यांचा अर्थही तेव्हा मला नीट कळला.

एकदा ती ग्रामपंचायतीत म्हणाली होती, "आता करून घ्या ना आमची नोंद. गुरुजी सांगतीन का आम्ही नवराबायको व्हतो म्हनून." आमचे ग्रामसेवक, आमच्याकडे त्यांना सचिव म्हणतात, खाली मान घालून म्हणाले, "बाई, नवरा आणि बायको दोघांनी समोर येऊन सही करावी लागते. एक नसला की मला नोंदवता येत नाई." त्यांनीच चार महिन्यांआधी तिच्या नवऱ्याच्या मृत्यूची नोंद केली होती आणि तिला दाखल्याच्या भरपूर प्रती दिल्या होत्या. घरी आल्यावर तिने पोरीला सांगितलं, "तू पहिले तुहा कागद कर. बाकी सारं मांगून." पोरगी म्हणाली, ते सुट्टीत आले की करू.

तो सुट्टीत आला तेव्हा गोष्ट अगदी निकडीची झाली होती. मस्कतला तो सुपरवायझर झाला होता, आता त्याला बायकोला नेता येत होतं. पोरगी सासरी थोडे दिवस राहून आईला एकटी नको म्हणून गावीच राहत होती, तिचं आधारही इथलंच. तीन वर्षं तिने नवऱ्याला मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं होतं. कंपनीने तिच्या व्हिसासाठी अर्ज भरून घेतला, आणि त्यासोबत लग्नाचा सरकारी दाखला मागितला. नुसता नाही. आधी दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, मग मुंबईच्या मंत्रालयाचा शिक्का, मग दिल्लीचा. पत्रिका चालत नाही, फोटो चालत नाही, देवासमोर घेतलेली शपथ चालत नाही. त्याची सुट्टी एक महिन्याची, त्यातले तीन आठवडे बहिणीच्या लग्नात आणि घराच्या छपरात गेले होते. नऊ दिवस उरले होते. या नऊ दिवसांत नोंद झाली नाही तर पुढच्या सुट्टीपर्यंत, म्हणजे आणखी वर्ष-दोन वर्षं, ती इथे आणि तो तिथे.

एका दुपारी दोघंही माझ्या ओसरीवर आली. अर्ज बरोबर होता, दोघांचे फोटो चिकटवलेले, कोर्ट फी स्टॅम्प लावलेला. पोरगी आत माझ्या बायकोजवळ गेली. जावयाने अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "गुरुजी, तारीख गुरुवारची टाका. तिकडच्या अर्जावर मी गुरुवारच लिवला हाये. पत्रिका बी गुरुवारच सांगते. दोन जागी दोन तारखा झाल्या त तिकडे मागं फेकून देते."

"पण लग्न मंगळवारी लागलं," मी म्हणालो.

"तुमाले, मले, माह्या घरच्याइले मालूम हाये. दोन दिवसानं कोनाचं काय जाते? कोन पाहते?"

मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. चौतीस वर्षं पोरांच्या वहीत तारीख चुकली की मी कान धरत होतो. पण समोर पोरीचं आयुष्य होतं, नऊ दिवस होते, आणि खरं तर माझा अहंकारही होता. लग्न मी लावलं, सही माझी, मी म्हणेन तो दिवस. मी पेन झटकलं आणि गुरुवारची तारीख घातली. आतून चहा घेऊन पोरगी आली, तिने अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मी तेव्हा होकार समजलो.

दुसऱ्या दिवशी सगळे ग्रामपंचायतीत. नवराबायको, तीन साक्षीदार, म्हणजे वहिनी, मुलाचा थोरला भाऊ आणि तो गाडीवाला मित्र, आणि मी. सचिव साहेबांनी एकेक कागद घेतला: दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले, आधार, साक्षीदारांची ओळखपत्रं. पत्रिका पाहिली, अर्जातली तारीख त्यावरून बोट फिरवून जुळवली, मान हलवली. "लग्नाचा फोटो?"

फोटो वहिनीने आणला होता. चंद्रपूरहून मोठा करून घरात भिंतीवर लावलेला, तो चौकटीतून काढून. जावयाच्या ध्यानातही आलं नसेल की त्या फोटोत काय आहे. तो रोजच भिंतीवर पाहिलेला. सचिवांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला.

"हे खाटेवरचे कोन?"

"माहा मालक," वहिनी म्हणाली. "पोरीवर अक्षता टाकून राह्यले."

सचिव उठले. मागच्या कपाटातून मृत्यूची नोंदवही काढली. ती त्यांच्याच अक्षरातली. पान काढायला त्यांना वेळ लागला नाही, त्या घरासाठी त्यांनी ते अनेकदा काढलं होतं. त्यांनी वही टेबलावर फिरवून माझ्याकडे सरकवली, बाकी कोणाकडे नाही.

"गुरुजी, हे बुधवारी गेले. गुरुवारी ते पोरीवर अक्षता कशे टाकतीन?"

एवढी वर्षं मी ज्यांना चुकीसाठी उभं केलं, ती सगळी पोरं आठवली. सचिव चिडले नाहीत. "खोटी माहिती देऊन नोंद घेतली त गुन्हा होते. तुमच्यावर येते, यांच्यावर येते, माह्यावर बी येते," ते म्हणाले. "हा अर्ज मी घेतलाच नाई समजा." आणि त्यांनी अर्ज परत दिला.

जावयाचा चेहरा उतरला. तो वाईट मुलगा नाही, घाबरलेला होता. "सायेब, मग फोटो राहू द्या. आमी आज दुसरा काढतो, हार घालून. तुमाले फोटोच पायजे ना?"

तेव्हा पोरगी बोलली. त्या खोलीत सगळ्यात लहान तीच, आणि सकाळपासून तिने एक शब्द काढला नव्हता.

"नाई," ती म्हणाली. "फोटो हाच लागन. गुरुवार लिवला त माह्या लग्नाले बाबा नव्हते असं होते. मले तसं कागदावर नाई पायजे. ते होते. अक्षता पडल्या त्यायच्या हातून. विजा नाई भेटला त नाई भेटला, मी इथीच राहीन."

"तीन वर्षं मी गुरुवार म्हणत आली, कारण मंगळवार म्हटलं की रडू येते," ती आईकडे पाहून म्हणाली. "पन लिहाची पाळी आली त मी खोटं लिहून नाई राह्यली."

वहिनीने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मला इतकी लाज वाटली की तशी आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही. माझ्या मित्राने दिलेलं एकच काम मी करून दाखवलं होतं, आणि मग स्वतःच्याच सहीने ते पुसायला निघालो होतो.

सचिव साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. आता त्यांना घाई दिसू लागली. "मंगळवारची नोंद करायले काई अडचन नाई," ते म्हणाले. "पत्रिकेवरची तारीख वेगळी हाये, त तुमी दोघं शपथपत्र द्या. पत्रिका छापली होती गुरुवारची, वडलांची तब्येत बिघडली म्हनून लग्न मंगळवारी लागलं. सोबत मृत्यूचा दाखला जोडा, फोटो जोडा. गुरुजी, तुमचं बी एक शपथपत्र. आनि अर्ज नवा."

मृत्यूचा दाखला वहिनीच्या पिशवीतच होता. ती घराबाहेर पडली की तो असायचाच, सवयच लागली होती.

तालुक्याला त्याच दुपारी गेलो. स्टॅम्प पेपर, टायपिंग, आणि नोटरी जेवायला गेलेले. ते येईपर्यंत आम्ही तहसीलच्या आवारातल्या चिंचेखाली बसलो. जावयाने तिथूनच मस्कतला फोन लावला. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, कोणी उचललं नाही. दोन दिवस त्या घरात कोणी पोटभर जेवलं नाही. जावई सारखा मोबाइल पाहायचा. मी रोज सकाळी त्यांच्या दारावरून जायचो आणि आत न जाता परत यायचो.

रविवारी कंपनीतल्या कागदांच्या माणसाने फोन उचलला. जावयाने त्याला हिंदीत सगळं सांगितलं, सासरा, खाट, सुतक, सगळं. पलीकडून फार काही विचारलं गेलं नाही. त्या माणसाने सांगितलं की अर्ज अजून सरकारकडे गेलेला नाही, दाखला आल्याशिवाय जातच नाही. दाखल्यावर असेल ती तारीख मी अर्जात लिहितो, फक्त दोन्हीकडे एकच ठेवा. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी गुरुवार लिहिला होता.

सोमवारी नवा अर्ज झाला. उशिराचं शुल्क भरलं. मी सही केली, यावेळी पेन झटकलं नाही. नवराबायकोने सही केली, तिघा साक्षीदारांनी केली. वहिनी अक्षर लावून लावून सही करते. तिला वेळ लागला. झाल्यावर ती सचिवांना म्हणाली, "साक्षीदार तीनच लिवता का जी?"

"तीनच लागते, बाई."

"चौथा बी व्हता," ती म्हणाली, आणि पेन टेबलावर ठेवलं.

नोंदवहीत नोंद झाली, दाखला छापून आला, शिक्का बसला. वहिनीने सचिवांना तारीख वाचून दाखवायला लावली. त्यांनी वाचली. तिने पुन्हा वाचायला लावली, आणि त्यांनी पुन्हा वाचली, पहिल्याहून हळू.

जावई ठरल्या दिवशी गेला. शिक्के मिळायला पुढे बरेच दिवस लागले, पण ते मिळाले, आणि पावसाळा संपता संपता पोरगी नागपूरहून विमानात बसली. जाताना माझ्या पाया पडली. मी तिला म्हणालो, पोरी, मला माफ कर. ती म्हणाली, "गुरुजी, तुमी त्या दिवशी हळू म्हटलं ना बाबाच्या कानात, ते मले आयकू येत व्हतं."

त्या हिवाळ्यात माझ्या बायकोने मला सरळ विचारलं, "लोकाइच्या सह्या करत हिंडले. आपला कागद कुठी हाये?" नव्हता. आमचं लग्न लावणारे महाराज कधीच वारले, पत्रिका वाळवीने खाल्ली. शपथपत्र करून, आमच्या लग्नाला हजर असलेल्या तिघा जुन्या माणसांना साक्षीदार नेऊन, आम्ही म्हातारपणी सचिवांसमोर जोडीने उभे राहिलो. आता मी कोणाच्या अर्जावर सही करतो तेव्हा आधी विचारतो, दिवस कोणता होता, आणि पत्रिका बाजूला ठेवायला सांगतो.

वहिनी अजून एकटीच राहते. मुलीच्या दाखल्याची झेरॉक्स तिच्याकडे आहे, नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. काही काम निघालं की ती पिशवी माझ्या ओसरीवर रिकामी करते आणि काम झालं की कागद पुन्हा भरते. दोन्ही दाखले एकाच ग्रामपंचायतीचे, शिक्का एकच, तारखांत एका दिवसाचं अंतर. मी कितीदा पाहिलं आहे: ती बुधवारचा खाली ठेवते आणि मंगळवारचा वर.